एकदाच साहेब आत अडकले त्याची गोष्ट

कुलपांच्या कंपनीच्या हेल्पलाइनवर जो माणूस सगळ्या पोरापोरींच्या कॉलवर कान ठेवून गुण द्यायचा, त्याला सगळा मजला पाठीमागे ‘एकदाच साहेब’ म्हणायचा. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. दर बैठकीत तो टेबलावर बोट आपटून सांगायचा, ‘‘ग्राहकाला एकदाच बोलू द्या! एकदाच! तो आधी यंत्राला सांगतो, मग तुम्हाला सांगतो, मग तुमच्या वरच्याला सांगतो. कीर्तन आहे का हे?’’

तसं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोन लावला की आधी एक गोड आवाजाचं यंत्र बोलायचं. त्याला जमलं नाही की कॉल माणसाकडे जायचा, आणि जाता जाता यंत्र सगळ्या बोलण्याचा चार ओळींत सारांश लिहून त्या माणसाच्या पडद्यावर टाकायचं. अडचण काय, आतापर्यंत काय करून पाहिलं, ग्राहकाचा पारा किती चढलाय. कॉल पुढे आणखी कुणाकडे गेला तर जुन्या सारांशात नव्याची भर घालून नवा सारांश तयार. फोन कट करून पुन्हा लावला, तरी त्या दिवसापुरता जुना सारांश त्याच नंबराला चिकटून यायचा. ग्राहकाने तेच तेच दळण दळायला नको म्हणून.

एकदाच साहेबांनी या सोयीला स्वतःचं तिखटमीठ लावलं. सारांशात आहे ते पुन्हा विचारायचं नाही, विचारलं की लाल खूण. पोरं मूळ संभाषण वाचत बसतात, वेळ खातात, म्हणून ते त्यांनी पडद्याच्या एका कोपऱ्यात घडी घालून दडपून टाकलं. ग्राहक सारांशाच्या उलट काही बोलायला लागला तर वाद न घालता कॉल वरच्या टेबलावर द्यायचा. आणि सगळ्यात खोडसाळ काम म्हणजे, ते स्वतःच ग्राहक बनून फोन लावायचे. स्वतःच्या घरच्या कुलपाच्या नावावर, स्वतःच्याच मोबाइलवरून. कधी म्हाताऱ्याचा आवाज काढायचे, कधी रडायचे. मागच्या वेळी तर त्यांनी एका पोरीला सांगितलं, ‘‘अगं, मीच तुझा साहेब. नियम बाजूला ठेव आणि विचार मला.’’ पोरगी बिचारी भोळी, तिने विचारलं. लाल खूण! महिनाभर तिला नव्या भरतीच्या पोरांबरोबर शिकवणीला बसवलं.

तर असे हे साहेब त्या दिवशी घरून काम करत होते, कारण नातीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. मुलगा सकाळीच विमानतळावर गेला होता. सून दातांची डॉक्टर, कुणाच्या तरी जबड्यात हात घालून बसलेली, आणि तिचा फोन दवाखान्यातल्या खणात. नात होती वीतभर आणि चळवळ गावभर. तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. ती खुर्चीवर चढायची, टेबलावर चढायची, आजोबा आडवे झाले की आजोबांवर चढायची. पण आत्ता ती हॉलमध्ये गादीवर गाढ झोपली होती. वारा यावा म्हणून साहेबांनी बाल्कनीचं सरकतं दार उघडं ठेवलं होतं. बाल्कनीत कुंड्या होत्या, आणि कठड्याला लागून कुंड्यांना पाणी घालायला एक वेताचं स्टूल.

मोबाइल वाजला. वरच्या साहेबांचा फोन. भिंगरी उठू नये म्हणून एकदाच साहेब चवड्यांवर चालत अभ्यासाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. दाराने ‘टिक्’ केलं. बोलणं झालं. साहेबांनी मूठ फिरवली. मूठ फिरली, फिरली, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी नुसतीच फिरली. दार जागचं हललं नाही.

असं का होतं हे साहेबांना पाठ होतं. घरात सगळीकडे कंपनीचीच कुलपं. मुलाच्या एकट्याच्याच फोनवर असलेलं ‘रिकामं घर’ हे बटण दाबलं की सगळ्या दारांच्या आतल्या मुठी मेल्यासारख्या होतात. चोर खिडकीतून शिरला तरी त्याला एका खोलीतून दुसरीत जाता येऊ नये, ही त्यातली करामत. मुलाने विमानात चढताना नेहमीच्या सवयीने ते दाबलं असणार, आणि मग फोन बंद करून, पट्टा बांधून, चिरंजीव डोळे मिटून बसले असणार ढगात! आता दार उघडायचं तर बाहेरच्या पाटीवर आकडे दाबायचे, नाहीतर हेल्पलाइनवरच्या माणसाने त्याच्या पडद्यावरून एक टिचकी मारायची.

अग्निशमनवाल्यांना बोलवावं, हा विचार आला नाही असं नाही. पण ते आधी बाहेरचं पोलादी दार कापणार. त्या धडामधुडुमने पोरगी उठणार आणि घाबरून वारा प्यायल्यासारखी धावत सुटणार, कुठे ते देव जाणे. शिवाय दुसऱ्या दिवशी मजलाभर काय होईल? कुलूप कंपनीच्या साहेबाला कुलपातून काढायला लाल गाडी आली! त्यापेक्षा आपली हेल्पलाइन काय वाईट? एका टिचकीचं तर काम. पोरगी उठायच्या आत बाहेर.

साहेबांनी आवाज दाबून फोन लावला. यंत्र म्हणालं, ‘‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’’

‘‘मी घरी नातीला सांभाळतोय. खोलीचं दार बंद झालंय, उघडत नाहीये. नात पलीकडे एकटीच आहे, लहान आहे हो. लवकर कुणालातरी द्या.’’

‘‘समजलं. मी आपल्याला आमच्या सहकाऱ्याकडे जोडते. आपल्याला काहीही पुन्हा सांगावं लागणार नाही.’’

हे शेवटचं वाक्य साहेबांनीच लिहून दिलेलं होतं. ऐकून त्यांना बरंसुद्धा वाटलं.

एक पोरगी लाइनवर आली. आवाज कोवळा. ‘‘नमस्कार काका. तुमची नात खोलीत अडकलीय आणि तुम्ही बाहेर आहात, हे माझ्यासमोर आहे. घाबरू नका. ती दाराजवळ आहे का?’’

साहेबांना क्षणभर कळलंच नाही. मग लख्ख कळलं. ‘मूल’ आणि ‘एकटं’ आणि ‘दार’ असे शब्द एका कॉलमध्ये आले की दहातल्या नऊ वेळा मूलच आत कोंडलेलं असतं. यंत्राने तेच गृहीत धरलं आणि जे त्यांनी सांगितलंच नव्हतं ते सारांशात लिहून मोकळं झालं.

‘‘नाही गं बाई, उलटं आहे. खोलीत मी कोंडलोय. नात हॉलमध्ये आहे, मोकळी. तू फक्त उघड म्हण त्या कुलपाला.’’

पोरगी थबकली. तिच्या श्वासावरून कळत होतं की तिच्या ओठांवर प्रश्न आलाय. ‘म्हणजे नेमके कुठे आहात तुम्ही?’ एवढा एकच. साहेबांनी मनातल्या मनात तिला ढकललं. विचार, बाळ, विचार. पण ही तीच, महिनाभर शिकवणीला बसून आलेली पोरगी होती.

‘‘काका, मूल आत असताना आम्हाला इथून कुलूप हलवता येत नाही. त्याची बोटं फटीत असली तर चेंगरतील. आमचा कारागीर निघेल. तुम्ही दारातून तिच्याशी बोलत राहा हं. आणि तुमचं समाधान होत नसेल तर मी वरच्या टेबलाला देते.’’

‘‘अगं वरच्या टेबलाला नको, तूच...’’

टिंग टिंग टिंग. वाट बघण्याची धून. ही धूनसुद्धा साहेबांनीच निवडली होती, मन शांत करणारी म्हणून. त्यांना ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकायला मिळाली आणि बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा त्यांनी उद्धार केला.

वरच्या टेबलावर एक तरुण बसायचा. त्याला सगळे मधाळ म्हणायचे. चिडलेल्या ग्राहकाला तो असा काही विरघळवायचा की शिव्या द्यायला आलेला माणूस जाताना त्याच्या आईची तब्येत विचारायचा.

‘‘काका,’’ मधाळ म्हणाला, ‘‘आधी एक मोठा श्वास घ्या बरं.’’

‘‘श्वास गेला खड्ड्यात! तुझ्यासमोर काय आलंय ते वाच.’’

मधाळने वाचलं. ‘‘‘नात खोलीत अडकली आहे. कारागीर पाठवण्याचं सांगितलं. ग्राहक अतिशय तणावात असून आपणच आत कोंडलो आहोत असं म्हणत आहेत. धीर द्यावा.’’’

साहेबांनी दाराला कपाळ टेकलं. त्यांनी केलेली दुरुस्ती यंत्राने टिपली होती खरी, पण दुखण्याचं लक्षण म्हणून टिपली होती. वर जुनं वाक्य तसंच, दगडासारखं. आता ते जितकं ओरडून सांगतील तितके पुढच्या सारांशात जास्त वेडे ठरतील. फोन ठेवून पुन्हा लावला तरी हेच भूत मानगुटीवर बसून येणार.

‘‘अरे मधाळा,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘ओळखलं नाहीस का मला? मी तुझा साहेब.’’

 मग मधाळचा आवाज आला, आणि त्यात हसू दाबल्याचा वास येत होता. ‘‘कोण साहेब, काका?’’

‘‘एकदाच साहेब! म्हणता ना तुम्ही पाठीमागे?’’

‘‘छे छे, असं कुणी म्हणत नाही काका.’’

‘‘हे बघ, तुझ्या पडद्यावर घर कुणाचं आहे ते बघ. नंबर बघ.’’

‘‘तोच तर बघतोय ना, सर... आपलं, काका.’’ मधाळ आता खुर्चीत ताठ बसला असणार, आणि शेजारच्याला डोळ्याने खुणावत असणार. ‘‘याच घराच्या नावावर, याच नंबरावरून आम्हाला बऱ्याचदा फोन येतात. फार छान अडचणी असतात त्यांच्या.’’

‘‘ही परीक्षा नाहीये रे! खरंच कोंडलोय मी!’’

‘‘अगदी खरं, काका.’’

‘‘मी तुला हुकूम देतो. नियम रद्द. कोपऱ्यातली घडी उघड, मूळ बोलणं वाच. मी नात आत आहे असं कुठेही म्हणालेलो नाही. नाहीतर सरळ विचार मला, तुम्ही कुठे आहात म्हणून. विचार ना रे!’’

मधाळ गोड हसला. ‘‘मागच्या वेळी त्या पोरीला असंच म्हणालात तुम्ही. नाही काका, आम्ही तुम्हाला तसदी देणार नाही. सगळं आमच्यासमोर आहे.’’

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. टेबल, पुस्तकांची मांडणी, छताजवळ झरोका. झरोका उघडायचा तो इमारतीच्या पाइपांच्या पोकळीत. तिथून ओरडलं तर फक्त कबुतरं ऐकणार. भिंती मुलाने मुद्दाम जाड करून घेतल्या होत्या, बाबांच्या कामात पोरीचा गोंगाट नको म्हणून. जन्मभर लोकांच्या तोंडाला चाप लावणारा माणूस, आणि आज त्याच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द समोरच्याकडे पोचेपर्यंत वेषांतर करत होता. रडावं तर ते नाटक. रागवावं तर ती परीक्षा. गप्प बसावं तर ‘ग्राहक आता शांत आहेत.’

आणि तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

‘‘आज्जो?’’

भिंगरी उठली होती. पावलं थबथब करत स्वयंपाकघराकडे गेली, परत आली. ‘‘आज्जोऽऽ!’’

‘‘इथे आहे गं राणी! इकडे ये, दाराजवळ ये!’’ साहेबांनी दारावर थापा मारल्या. पण त्या जाड दारातून आवाज बाहेर गेला तो बहुधा चहूकडून आल्यासारखा. पोरगी गोल गोल फिरली. कधी इथे, कधी तिथे.

मधाळने तो क्षीण ‘आज्जो’ ऐकला. ‘‘बघा काका, बाळ आतून हाक मारतंय. ठीक आहे ती. बोलत राहा तिच्याशी.’’

‘‘आतून नाही रे मेल्या, बाहेरून!’’

मग दाराखालच्या फटीतून साहेबांनी तो आवाज ऐकला. बाल्कनीच्या फरशीवर वेताचं स्टूल सरकल्याचा. खर्रर्र. थांबलं. पुन्हा खर्रर्र. आजोबा घरात नाहीत तर खाली रस्त्यावर असतील. रस्ता बघायचा तर चढायला हवं. भिंगरीचं गणित सरळ होतं.

 फोन तोडायचा आणि लाल गाडीला बोलवायचं, दार तुटो, अब्रू जावो, असं ठरवून त्यांनी कानावरचा फोन खाली घेतला. बोट बटणावर गेलं. शेवटचं ओरडायचं म्हणून ते फोनमध्ये ओरडले, ‘‘तुमचा सारांश चुकीचा आहे! माझी तक्रार सारांशाबद्दल आहे! चुकीचा! चुकीचा!’’

मधाळने आनंदाने मांडी थोपटली असणार. आता कुठे परीक्षेचा खरा पेच सुटला! ‘‘सारांशाबद्दलची तक्रार ना, काका? मग ती आमच्याकडची नाहीच. ती गुणवत्ता टेबलाची. मी स्वतः जोडून देतो आणि ते उचलेपर्यंत लाइनवर थांबतो.’’

गुणवत्ता टेबल म्हणजे एकदाच साहेब. आणि एकदाच साहेबांचं टेबल त्या दिवशी हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर, उघड्या लॅपटॉपच्या रूपाने पडलेलं होतं.

लॅपटॉप वाजला. मोठ्यांदा, ठणाणा. दाराच्या या बाजूला फोनमध्ये घंटी, त्या बाजूला हॉलमध्ये घंटी.

खर्रर्र थांबलं.

भिंगरीला त्या लॅपटॉपचं भारी वेड. सबंध जन्मात, म्हणजे तिच्या तेवढ्याशा जन्मात, तिला त्याला बोट लावू दिलेलं नव्हतं. आणि आज तो एकटा होता, वाजत होता, आणि ओरडायला आजोबा नव्हते. थबथब थबथब पावलं आली. खुर्ची ओढली गेली. पडद्यावर हिरवा गोळा नाचत होता, तो शोधायला काय मोठं माणूस लागत होतं? तिने पंजा मारला.

‘‘हालो,’’ भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात साहेबांचाच रुबाब होता.

साहेबांना तो आवाज दोनदा ऐकू आला, एकदा दारातून आणि एकदा फोनमधून, कानाशी, स्वच्छ. 

‘‘हालो, कोन आहे?’’

‘‘मी... मी आज्जो आहे गं, राणी.’’

‘‘आज्जो? तू कुठेस?’’

दुपारभर कंपनीतलं एकही माणूस जो प्रश्न विचारायला तयार नव्हतं, तो त्या पोरीने तोंडावरची लाळ पुसता पुसता विचारला.

‘‘मी खोलीत आहे गं. अभ्यासाच्या खोलीत. दार लागलंय. तू तिथेच बस हं खुर्चीवर. हलायचं नाही. बोल माझ्याशी. काय दिसतंय तुला पडद्यावर?’’

‘‘हिल्लं. आणि लाल.’’

लाइनवर तिसरं माणूस होतं हे दोघेही विसरले होते. मधाळ मात्र ऐकत होता, आणि त्याच्या पडद्यावर लिहिलेलं दिसत होतं की कॉल गुणवत्ता टेबलावर उचलला गेला आहे. साहेबांच्या टेबलावर. त्यातून एक पोर बोलत होतं. जे पोर सारांशाप्रमाणे कुलूपबंद खोलीत होतं, ते साहेबांच्या कामाच्या यंत्रासमोर खुर्चीवर बसून रंग ओळखत होतं. साहेब कितीही बिलंदर असले, तरी स्वतःच्या टेबलावर नातीला बसवून, स्वतः दुसऱ्या फोनवर असा आवाज काढतील?

मधाळचा मध आटला. ‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही नेमके कुठे आहात?’’

‘‘आत रे बाबा! आत! खोलीत!’’

पुढे एकही शब्द न बोलता त्याने टिचकी मारली. दाराने ‘टिक्’ केलं, आणि मूठ हाताला लागली.

साहेब बाहेर पडले ते आधी बाल्कनीकडे धावले. स्टूल कठड्याला पुरतं चिकटलेलं होतं. त्यांनी ते आत फेकलं, सरकतं दार ओढून घेतलं, खिट्टी लावली, आणि मग येऊन पोरीला असं काही कवटाळलं की ती ओरडली, ‘‘आज्जो, मी बोलतेय ना फोनवल!’’

लॅपटॉपमधून मधाळचा आवाज येत होता. ‘‘सर? सर, एक विचारू?’’

‘‘विचार, लेका. काय हवं ते विचार.’’

‘‘म्हणजे शेवटी परीक्षाच होती तर... मी तो प्रश्न विचारला, त्याची लाल खूण पडली इथे आपोआप. पण ते जाऊ दे. मुलगी कुणाची आणली होतीत? फारच तयारीची आहे.’’

साहेबांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले. सगळ्यांना जमवलं. घडलेलं सगळं, बाल्कनीच्या स्टुलासकट, सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फाटला. पोरापोरींनी मान खाली घालून ऐकलं, आणि कुणीतरी मागून हळूच म्हणालं, ‘‘यावेळी सरांनी फार मेहनत घेतली हं.’’ शिकवणीला बसलेल्या पोरीने तर टाळ्याच वाजवल्या.

साहेबांनी मधाळची लाल खूण पुसून टाकली. मग जाहीर केलं, ‘‘आजपासून नियम रद्द. शंका आली की विचारा. मूळ बोलणं पडद्यावर समोर राहील. लाल खुणा बंद. मी लेखी देतो.’’

‘‘हो सर,’’ सगळे म्हणाले.

मग साहेब आपल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन हेडफोन कानाला लावून बसले. कॉलवर कॉल येत गेले. एका बाईच्या दुकानाचं शटर अडलं होतं, आणि सारांशात लिहिलं होतं घराचं. ती तीनदा म्हणाली, दुकान हो, दुकान. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘काळजी करू नका मावशी, घराचं सगळं माझ्यासमोर आहे.’’

साहेब केबिनच्या काचेवर आतून हात आपटायला लागले. मजल्यावरच्या पोरांनी वर पाहिलं, एकमेकांना डोळे मारले, आणि कुणीही, काय वाटेल ते झालं तरी, काहीच विचारायचं नाही असं ठरवून पुन्हा पडद्यात डोकं घातलं.